वार्षिक प्लॅन चुकून रिन्यू झाला? रिफंड मागणारा ईमेल असा लिहा

वार्षिक सबस्क्रिप्शनचे पैसे कापल्याचा मेसेज येतो, आणि तेव्हाच लक्षात येतं की हे सॉफ्टवेअर उघडून महिने लोटले. पहिला ईमेल बरेच जण रागात लिहितात: माझ्या परवानगीशिवाय पैसे कापले, ही फसवणूक आहे, ताबडतोब परत करा. यातली पहिलीच ओळ बहुधा टिकत नाही, कारण प्लॅन घेताना ‘दर वर्षी आपोआप नूतनीकरण होईल’ या अटीला आपण होकार दिलेला असतो. समोरून त्या अटीची लिंक येते, अटीवरून वाद सुरू होतो आणि पैसे परत मागायचा मुद्दा मागे पडतो.

म्हणून लिहायला बसण्याआधी हा ईमेल कोणाच्या हाती पडतो आणि तो माणूस काय करू शकतो, हे समजून घ्यावं.

कंपनीच्या सपोर्ट विभागात बसलेल्या माणसासमोर आपला ईमेल ‘तिकीट’ म्हणून उघडतो. त्याच्याकडे अशी डझनावारी तिकिटं असतात. त्याला आधी आपलं खातं शोधायचं असतं. मग पैसे कधी कापले गेले आणि त्यानंतर खात्यात काही वापर झाला का, हे तो बघतो. आपण शेवटचं लॉगिन कधी केलं, नूतनीकरणानंतर एखादी फाइल बनवली का, हे त्याला बहुतेक ठिकाणी स्पष्ट दिसतं. कंपनीच्या धोरणात रिफंडची मुदत दिलेली असते, सहसा १४ किंवा ३० दिवसांची. मागणी मुदतीत बसत असेल आणि वापर झालेला नसेल, तर तो स्वतःच्या अधिकारात रिफंडचं बटण दाबू शकतो. मुदत उलटली असेल तर त्याला वरिष्ठांकडे किंवा बिलिंग विभागाकडे विचारावं लागतं. चांगला ईमेल म्हणजे ज्यात या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच दिलेली आहेत आणि त्याला उलट काही विचारावं लागत नाही. प्रत्येक उलट प्रश्नाला एक-दोन दिवस जातात, आणि मुदतीचे दिवस त्याच वेळी सरत असतात.

लिहिण्याआधी

पैसे नेमके कोणी घेतले ते आधी पाहा. हे वाटतं तितकं उघड नसतं. सबस्क्रिप्शन आयफोनमधल्या ॲप स्टोअरमधून घेतलं असेल, तर पैसे ॲपलने घेतलेले असतात आणि सॉफ्टवेअर कंपनीला ते परत करताच येत नाहीत. अशा वेळी कंपनीला कितीही सुंदर ईमेल लिहिला तरी उत्तर एकच येणार: ॲपलकडे मागा. ती मागणी reportaproblem.apple.com या पानावर करायची असते. गूगल प्लेमधून घेतलं असेल तर ॲप बनवणारी कंपनीही रिफंड देऊ शकते, त्यामुळे तिथे दोन्ही दारं उघडी असतात. तिसरा प्रकार जास्त गोंधळात टाकतो. अनेक लहान सॉफ्टवेअर कंपन्या स्वतः पैसे घेत नाहीत. पॅडल किंवा फास्टस्प्रिंगसारखी मधली कंपनी त्यांच्या वतीने विक्री करते. मग बँकेच्या स्टेटमेंटवर सॉफ्टवेअरच्या नावाआधी PADDLE.NET* असं काहीतरी दिसतं. पावतीचा ईमेल उघडा. ती कोणाच्या नावाने आली आहे ते बघितलं की पत्ता चुकत नाही.

दुसरं काम, ऑटो-रिन्यू ताबडतोब बंद करणं. ‘कॅन्सल’ आणि ‘रिफंड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बरेच ईमेल इथेच फसतात. कॅन्सल केलं की पुढच्या वर्षीचं नूतनीकरण थांबतं; या वर्षीचे पैसे कंपनीकडेच राहतात आणि प्लॅन वर्षभर चालू राहतो. ईमेलमध्ये नुसतं ‘माझं सबस्क्रिप्शन कॅन्सल करा’ असं लिहिलं, तर सपोर्टवाला अगदी प्रामाणिकपणे तेवढंच करेल आणि ‘आपलं काम झालं’ म्हणून तिकीट बंद करेल. म्हणून कॅन्सल स्वतः करा आणि ईमेलमध्ये फक्त रिफंड मागा.

त्याच वेळी आपल्या फाइली उतरवून घ्या. रिफंड मिळाला की बऱ्याच कंपन्या प्लॅन त्याच क्षणी बंद करतात आणि पूर्ण आकाराच्या फाइली किंवा जुने प्रोजेक्ट मग उघडत नाहीत. फाइली उतरवल्यावर सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट व्हा. कॉम्प्युटरवर बसवलेलं ॲप मागे चालू राहून फाइली सिंक करत असेल, तर काही कंपन्यांच्या नोंदीत तो वापरच धरला जातो आणि ‘मी वापरलंच नाही’ या आपल्या म्हणण्याला तडा जातो.

एक गोष्ट मात्र करू नका: रागाच्या भरात खातं डिलीट करू नका. खातं गेलं की आपली खरेदी शोधणं सपोर्टला अवघड होतं, आणि पडताळणीला दोन-तीन फेऱ्या जास्त लागतात. पैसे हातात आल्यावर खुशाल डिलीट करा.

एक उदाहरण घेऊ

एका चित्रकार बाईंनी चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरचा वार्षिक प्लॅन घेतला होता. जानेवारीत त्यांनी दुसरं सॉफ्टवेअर वापरायला सुरुवात केली आणि जुनं बंद करायला खात्यात गेल्या. तिथे आधी कारण विचारलं, मग सवलत देऊ केली, आणि त्यानंतरच्या पानावर शेवटचं ‘कॅन्सल करा’ हे बटण होतं. सवलत नको म्हणून त्यांनी तिथेच टॅब बंद केला. त्यांच्या मते काम झालं होतं. प्रत्यक्षात शेवटचं बटण दाबलं गेलं नव्हतं, म्हणून काहीच रद्द झालं नाही. ४ जूनला वर्षाचे पैसे कापले गेले. ७ जूनला स्टेटमेंट पाहताना त्यांच्या ते लक्षात आलं.

रद्द झालं की नाही, हे ओळखायची साधी खूण म्हणजे पुष्टीचा ईमेल. खरोखर कॅन्सल झालं की जवळजवळ प्रत्येक कंपनी ‘तुमचा प्लॅन अमुक तारखेला संपेल’ असा ईमेल पाठवते. तो आला नसेल तर काम अर्धवट राहिलंय असं धरून चालावं. बाईंनी मेलबॉक्स शोधला, तसा ईमेल सापडला नाही. उलट मे महिन्यात आलेली नूतनीकरणाची आठवण सापडली, जाहिरातींच्या टॅबमध्ये, न उघडलेली. हे शोधणं फार गरजेचं असतं. ‘तुम्ही मला कळवलंच नाही’ असं आपण लिहावं आणि कंपनीने आठवणीचा ईमेल तारखेसह समोर ठेवावा, म्हणजे मग आपल्या बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

त्यांनी पाठवलेला ईमेल असा होता:

> विषय: ४ जूनच्या वार्षिक नूतनीकरणाच्या रिफंडची विनंती – पावती क्र. ४४७१-०९३
>
> नमस्कार,
>
> माझ्या खात्यावरचा वार्षिक प्लॅन ४ जून रोजी आपोआप रिन्यू झाला. मला तो पुढे चालू ठेवायचा नव्हता. पावतीवरील पूर्ण रक्कम, करासह, मूळ कार्डावर परत करावी ही विनंती.
>
> खातं याच ईमेल पत्त्यावर आहे. पावती क्रमांक ४४७१-०९३, कार्डाचे शेवटचे चार आकडे ८२१६.
>
> जानेवारीत मी प्लॅन रद्द करायला गेले होते, पण सवलतीच्या पानावरून बाहेर पडले आणि रद्द करण्याची प्रक्रिया पूर्ण झाली नाही, हे मला आज कळलं. मे महिन्यात आलेला आपला आठवणीचा ईमेलही माझ्याकडून पाहायचा राहिला. जानेवारीनंतर मी सॉफ्टवेअर वापरलेलं नाही. आज ७ जून रोजी एकदाच लॉगिन केलं, ते नूतनीकरण बंद करण्यासाठी आणि जुन्या फाइली उतरवण्यासाठी.
>
> रिफंडनंतर प्लॅन लगेच बंद झाला तरी माझी हरकत नाही. रिफंड केल्याची पुष्टी आणि पैसे साधारण कधी जमा होतील ते याच ईमेलला उत्तर म्हणून कळवावं.
>
> आपली,
> (खात्यावर नोंदवलेलं पूर्ण नाव)

आता यातली काही वाक्यं जवळून पाहू.

विषयाच्या ओळीत ‘तक्रार’, ‘तातडीचं’ किंवा ‘कृपया मदत करा’ यातलं काही नाही. रिफंड, तारीख आणि पावती क्रमांक आहे. तिकिटं वाटून देणारा माणूस किंवा यंत्रणा ती ओळ वाचूनच ठरवते की हे बिलिंगकडे जायचं की तांत्रिक विभागाकडे. ‘माझ्या खात्यात प्रॉब्लेम आहे’ असं लिहिलेला ईमेल आधी तांत्रिक विभागात फिरून येतो.

मागणी पहिल्याच परिच्छेदात आहे आणि ती नेमकी आहे: पूर्ण रक्कम, करासह, मूळ कार्डावर. यातला एकही शब्द शोभेचा नाही. ‘पूर्ण’ लिहिलं नाही तर उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने अर्धवट रक्कम येऊ शकते. ‘मूळ कार्डावर’ लिहिलं नाही तर खात्यात क्रेडिट जमा होऊ शकतं, ज्याचा उपयोग त्याच कंपनीकडून आणखी काही घेण्यापुरताच असतो.

ईमेल खात्यावर नोंदवलेल्याच पत्त्यावरून गेला आहे. दुसऱ्या पत्त्यावरून लिहिलं तर सपोर्टवाला खात्याबद्दल एक शब्दही बोलू शकत नाही, कारण ते खातं आपलंच आहे याची त्याला खात्री नसते. कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे पुरतात. पूर्ण कार्ड नंबर, मागचा तीन आकडी कोड किंवा स्टेटमेंटचा अख्खा फोटो कधीही पाठवू नये; रिफंडसाठी त्यातल्या कशाचीच गरज नसते.

तिसरा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या दोन चुका त्यात सरळ लिहिल्या आहेत. यामुळे बाजू कमकुवत होते असं अनेकांना वाटतं. पण सपोर्टवाल्याच्या पडद्यावर आठवणीचा ईमेल पाठवल्याची नोंद आणि ७ जूनचं लॉगिन आधीच दिसत असतं. ते त्याने शोधून काढण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. वाचताना तो पडताळत जातो आणि प्रत्येक गोष्ट जुळते. मग ‘वापरलेलं नाही’ हे वाक्यही तो तितक्याच सहज मान्य करतो. आजारपण, घरातली अडचण अशी कारणं खरी असली तरी निर्णयासाठी त्यांची गरज नसते, आणि खोटी असतील तर ती लिहूच नयेत.

‘प्लॅन लगेच बंद झाला तरी हरकत नाही’ हे वाक्य लहान आहे, पण काम मोठं करतं. त्यामुळे कंपनीला कळतं की पैसेही हवेत आणि सॉफ्टवेअरही हवं, असा हा मामला नाही.

नकार आला तर

उत्तर काय येईल याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. रिफंड मंजूर झाला तर प्रश्नच मिटला. दुसरा प्रकार मधल्या वाटेचा: पुढच्या वर्षी सवलत घ्या, खात्यात क्रेडिट घ्या, किंवा वार्षिकऐवजी मासिक प्लॅन करून फरक परत घ्या. क्रेडिट नको असेल तर दोन ओळींत नम्रपणे नाकारून मूळ मागणी पुन्हा लिहावी. मासिक प्लॅनचा पर्याय मात्र लगेच झटकून टाकू नये. मुदत बरीच उलटून गेली असेल, तर एका महिन्याचे पैसे सोडून बाकी परत मिळणं हा अनेकदा पदरात पडू शकणारा सर्वांत चांगला सौदा असतो.

तिसरा प्रकार सरळ नकाराचा: ‘आमच्या धोरणानुसार नूतनीकरणावर रिफंड मिळत नाही.’ हे बहुतेक वेळा तयार उत्तर असतं, आणि ते देणाऱ्याला नियमापलीकडे जायचा अधिकार नसतो. इथे त्याच्याशी भांडून काही हाती लागत नाही. त्याच ईमेलला उत्तर द्यावं, नवीन ईमेल करू नये. नवा ईमेल म्हणजे नवं तिकीट. ते दुसऱ्याच माणसाकडे जातं आणि सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागते. उत्तरात एवढंच पुरे:

> धोरण वाचलं, ते कळवल्याबद्दल आभार. नूतनीकरणानंतर तिसऱ्याच दिवशी मी आपल्याशी संपर्क साधला आणि प्लॅनचा वापर झालेला नाही. हे लक्षात घेऊन अपवाद म्हणून रिफंड देता येईल का, यासाठी ही विनंती बिलिंग विभागाकडे किंवा निर्णय घेऊ शकणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवावी.

‘अपवाद’ हा शब्द इथे मुद्दाम वापरलाय. यात नियम चुकीचा आहे असं आपण म्हणत नाही. नियमाबाहेरचा निर्णय जो घेऊ शकतो, त्याच्यापर्यंत कागद पोहोचवा एवढंच म्हणतो. उत्तरासाठी चार-पाच कामाचे दिवस द्यावेत. दर काही तासांनी ‘काय झालं?’ विचारण्याचा उलटा परिणाम होऊ शकतो: काही सपोर्ट यंत्रणांत तिकिटं शेवटच्या मेसेजच्या वेळेनुसार लागतात, आणि आपणच आपलं तिकीट रांगेत मागे ढकलतो.

बँकेकडे वाद नोंदवणं, म्हणजे चार्जबॅक, हा मार्ग यानंतरचा. तो सुरुवातीलाच वापरू नये, याला व्यवहारी कारणं आहेत. चार्जबॅक नोंदवला गेला की कंपनीला बहुधा त्याचं शुल्क भरावं लागतं, आणि असे वाद वाढले तर व्हिसा-मास्टरकार्डच्या देखरेखीखाली यायची भीती असते. त्यामुळे कंपन्या लगेच खातं गोठवतात आणि ‘आता निर्णय बँकच देईल’ म्हणून ईमेलवरचं बोलणं थांबवतात. शिवाय बँक कंपनीला पुरावा मागते. आपण मान्य केलेली नूतनीकरणाची अट आणि आठवणीचा ईमेल, दोन्ही कंपनीकडे असतं. नुसतं विसरलो म्हणून रिन्यू झालं असेल तर आपली बाजू तिथे लंगडी पडते. याउलट रद्द केल्याचा पुष्टीचा ईमेल आपल्याकडे असेल आणि तरीही पैसे कापले गेले असतील, तर बाजू भक्कम आहे. त्या ईमेलची प्रत पहिल्याच विनंतीला जोडावी. बहुतेकदा पुढे काही करावंच लागत नाही. चार्जबॅकला मुदत असते, व्हिसाच्या नियमांत सर्वसाधारणपणे १२० दिवसांची, आणि बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते. म्हणून कंपनीशी बोलणी चालू असताना या तारखेवरही लक्ष ठेवावं.

मंजूर झाला, पण पैसे दिसत नाहीत

रिफंड दिल्याचा ईमेल आला तरी खात्यात पैसे दिसायला साधारण ५ ते १० कामाचे दिवस लागतात. कंपनीने पैसे लगेच सोडलेले असतात. मधे कार्डाची यंत्रणा आणि आपली बँक यांचा वेळ जातो. एक गंमत इथे होते. पैसे कापल्यानंतर फार लवकर रिफंड झाला, तर स्टेटमेंटवर वेगळी जमा नोंद कधीकधी येतच नाही. मूळ खर्चाची नोंदच नाहीशी होते. लोक जमेची वाट बघत बसतात आणि पैसे आलेच नाहीत म्हणून पुन्हा ईमेल करतात. आधी जुनी नोंद अजून आहे का ते पाहा.

दहा दिवस उलटले, जुनी नोंद जागेवर आहे आणि जमा काही नाही, असं झालं तर कंपनीकडे ‘एआरएन’ क्रमांक मागा. प्रत्येक कार्ड-रिफंडला असा २३ आकडी क्रमांक मिळतो आणि बँकेला त्यावरून पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं. ‘रिफंड कुठे आहे?’ या प्रश्नाला बँकेकडून उत्तर मिळायचं असेल तर हा क्रमांक हाताशी हवा.

पैसे जमा झाल्यावर खात्यात पुन्हा एकदा जाऊन बिलिंगचं पान उघडा. काही ठिकाणी रिफंड होतो पण सबस्क्रिप्शन ‘चालू’ असंच राहतं, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा पैसे कापले जातात. तोवर कार्डाची मुदत संपेल म्हणून निर्धास्त राहू नका. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्याकडे जुन्या कार्डाच्या जागी नव्या कार्डाचे तपशील विक्रेत्यांना पुरवणारी सेवा आहे, त्यामुळे नवं कार्ड आल्यावरही जुनं सबस्क्रिप्शन पैसे कापू शकतं. बिलिंगच्या पानावर ‘पुढचं पेमेंट’ या जागी तारीख दिसत असेल, तर सपोर्टच्या त्याच ईमेलला उत्तर देऊन ती काढून टाकायला सांगा.